चार सेकंदांत पाहिलेला अलर्ट

पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये त्यांना सगळे 'पाहिलंकाका' म्हणत. डॅशबोर्डवर अलर्ट आला की खाली एक बटण उगवायचं, 'पाहिलं'. ते दाबलं की लाल पट्टी जायची आणि घंटा थांबायची. काका ते अकरा वर्षं दाबत होते. हाताला इतकी सवय झाली होती की घरी बायको म्हणाली, "अहो, दूध उतू चाललंय," तरी ते पेपरातून मान वर न करता "पाहिलं" म्हणत, आणि दूध निवांतपणे उतू जाई.

दोष त्यांचा एकट्याचा नव्हता. यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाने पहिल्याच दिवशी बेचाळीस विभागांना एकच नियम लावून टाकला होता: पाण्याचा दाब दोन बारच्या खाली गेला की अलर्ट. दोनच का, तर आकडा गोल होता. आता सकाळी सहा ते नऊ अख्खं गाव नळ सोडून बसतं, तेव्हा दाब सगळीकडेच उतरतो. टेकडीवरच्या विभागात तर तो दोनला कधी पोचलाच नव्हता, तिथे पाणी पोचतं हेच खूप. मग घंटा वाजतच राहणार. त्यातून कुणाची तक्रार आली की साहेब एक कडक पाऊल उचलत, म्हणजे मर्यादा आणखी वर चढवत. तक्रार एक असे, घंटा वीस वाढत. दिवसाला तीनशे अलर्ट व्हायला लागले, तेव्हा साहेबांनी स्वतःच्या मोबाइलवर अलर्टचा ग्रुप म्यूट केला आणि काकांना जास्त सतर्क राहायला सांगितलं.

एका सकाळी आठ बेचाळीसला खालच्या विभागातली मोठी लाइन फुटली. त्या विभागात डायलिसिस सेंटर होतं. त्यांची टाकी अर्धीच भरलेली होती, ती संपली, आणि सात माणसांना अर्ध्यावर मशीनवरून उतरवावं लागलं. चौकशी झाली. नोंद निघाली की त्या लाइनचा अलर्ट आठ बेचाळीसलाच आला होता आणि चौथ्या सेकंदाला 'पाहिलं' दाबलं गेलं होतं. अहवालात लिहिलं गेलं की नियंत्रण कक्षाचा प्रतिसाद तत्पर होता. काकांच्या फाइलला तशी शाबासकीही लागली.

दोन दिवसांनी सेंटरची मुख्य नर्स ऑफिसात आली. भांडली नाही. तिने फक्त विचारलं, "तो अलर्ट पाहिला कोणी होता?" काका कपाटामागे फाइल शोधत होते, ते शोधतच राहिले. फाइल त्यांच्या हातातच होती. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या सकाळचा तो एकशे एकतिसावा अलर्ट होता. त्यांना त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. सेवेचं एक वर्ष उरलं होतं, आणि त्या वर्षात असाच आणखी एक अलर्ट आपल्या बोटाखालून गेला तर, या विचाराने त्यांचं जेवण सुटलं.

ऑफिसात नुकतीच एक मुलगी लागली होती, तिचं काम आकडे पाहायचं. काका तिच्या टेबलापाशी जाऊन बसले. "बाळ, मला कमी घंटा हव्यात. पण खऱ्या."

"काका, प्रत्येक विभागाचं स्वतःचं रोजचं वागणं काढायला लागेल," ती म्हणाली. "टेकडीला टेकडीच्या मापाने मोजू."

दोन वर्षांच्या मिनिटामिनिटाच्या नोंदी यंत्रणेत पडून होत्या, कुणी विचारपूस केली नव्हती. त्यातलं पहिलं वर्ष तिने घेतलं. प्रत्येक विभाग वेगळा, प्रत्येक तास वेगळा, सुट्टीचा दिवस वेगळा. त्या त्या तासाला दाब हजारात एखाद्याच वेळी ज्याच्या खाली जातो, ती त्या तासाची मर्यादा. आणि दाब सलग दहा मिनिटं खाली राहिला तरच घंटा, कारण कुठेतरी मोठा पंप सुरू झाला तरी दाब मिनिटभर घसरतो. काकांनी जुनी वही काढून लाइन फुटलेले आणि मीटर बिघडलेले दिवस आधीच वगळायला लावले. "नाहीतर तुझं गणित फुटलेल्या पाइपचीच तब्येत ठणठणीत समजेल." पंप ज्या टाकीतून पाणी ओढतो, तिच्या पातळीच्या मर्यादेला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. अमुक पातळीखाली पंप हवा ओढतो आणि जळतो, तिथे रोजच्या सवयीचा प्रश्नच येत नाही.

मग त्या मर्यादांची परीक्षा दुसऱ्या वर्षावर घेतली. लाखावर घंटांच्या जागी सोळाशे, म्हणजे दिवसाला चार-पाच. लाइन फुटण्याचे एकोणीस प्रसंग होते, त्यातले अठरा सापडले. एक हळूहळू झिरपणारी गळती निसटली, आणि ती जुन्या नियमालाही सापडली नव्हती.

साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला आणि नेमकं बोट ठेवलं. "डायलिसिसवाली घटना. जुना अलर्ट आठ बेचाळीसला. तुमचा नवा आठ बावन्नला. म्हणजे तुम्ही दहा मिनिटं उशीर मागताय?"

काका उभे राहिले.

"साहेब, आठ बेचाळीसला तो आला, आणि मी तो पाहिलाच नाही. बटण दाबलं. चार सेकंदांत विभागाचं नावसुद्धा वाचून होत नाही. दहा मिनिटं उशिरा आला असता, पण एकटा आला असता, तर मी वाचला असता."

साहेबांनी आधी दाराकडे पाहिलं. "हे लेखी देऊ नका," ते हळू आवाजात म्हणाले. "चौकशी बंद झालीय. तुमचीही आणि माझीही."

"उद्या देतो," काका म्हणाले.

त्यांनी दिलं. शाबासकी फाइलमधून निघाली, समज देणारं पत्र लागलं, आणि नव्या मर्यादांना एक महिन्याची मुदत मिळाली. एक जरी खरी घटना सुटली तरी जुना नियम परत, आणि जबाबदारी काकांची.

शांततेने लोक हैराण झाले. शेजारच्या खोलीतले कारकून येऊन विचारत, "यंत्रणा बंद आहे का?" साहेबांनी ग्रुप अनम्यूट केला आणि काहीच येत नाही म्हणून दोनदा मोबाइल बंद करून चालू केला. आलेले अलर्ट बहुतेक किरकोळ असत, पण काका प्रत्येक अलर्ट बोट धरून वाचत आणि लाइनवर माणूस पाठवत.

विसाव्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी घंटा वाजली. खालचा विभाग. दाब दहा मिनिटं या तासाच्या मर्यादेखाली, आणि अजून उतरतोय. काकांनी लाइनमनला फोन करून मागच्या वेळी फुटलेल्या जागेच्या जोडाकडे पिटाळलं. मग त्यांनी काम कसं करायचं याचा छापील कागद काढला, पुढे ग्राहकांना कुणी कळवायचं हे पाहायला. कागदात शेवटची ओळ होती: 'पाहिलं' हे बटण दाबावे. त्याच्या खाली कोरी जागा होती.

काकांनी डिरेक्टरीत नंबर शोधला. फोन त्याच नर्सने उचलला.

"पाणीपुरवठ्यातून बोलतोय. तुमच्या लाइनचा दाब उतरतोय. बहुतेक जोड सुटलाय."

"आत्ता पाच जण मशीनवर आहेत. किती वेळ आहे आमच्याकडे?"

काकांनी स्क्रीनवर उतरत जाणारी रेघ पाहिली, कालच्या आणि परवाच्या याच तासाशी ताडून पाहिली. अकरा वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि विचारला असता तरी उत्तर देता आलं नसतं.

"वीस मिनिटं. टाकी आत्ता भरून घ्या, नवीन कुणाला मशीनवर घेऊ नका."

तिने आभार मानले नाहीत. रिसीव्हर टेबलावरच टाकून ती धावली, आणि टाकीत पाणी पडायला लागल्याचा आवाज येईपर्यंत काकांनी फोन कानाला धरून ठेवला.