वेटोळेमामा आणि चौदा नंबर

आमच्या लाँड्रीत दवाखान्यांच्या चादरी येतात. पिशव्यांत भरून त्या छताखालच्या रुळावरून धुलाईकडे जातात. रुळावर चौदा मोटरी, प्रत्येकीला चालवणारा एक ड्राइव्ह, आणि सगळे ड्राइव्ह 'बस' म्हणवणाऱ्या एकाच केबलीवर कॅनओपन नावाच्या यंत्रांच्या भाषेत बोलणारे. तिथे प्रत्येकाला नोड म्हणतात आणि प्रत्येकाचा नंबर वेगळा असावा लागतो. ही केबल ओढली आमच्या वायरमननी. त्यांना सगळे वेटोळेमामा म्हणतात, कारण ते कुठेही काम करोत, जोडाच्या डब्यापाशी केबलीचं एक वेटोळं जास्तीचं ठेवतातच.

"असू द्या, कामाला येईल," हे त्यांचं पेटंट वाक्य. तरुणपणी कुठेतरी केबल वीतभर कमी पडली होती आणि सगळं काम पुन्हा करावं लागलं होतं. तेव्हापासून माणूस धसका घेऊन बसलेला. बाकी हात असा की तीस वर्षांत त्यांचा एक जोड सुटलेला नाही. याचा त्यांना भारी अभिमान, आणि तो ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

नवी लाइन सुरू झाली आणि सगळ्यात टोकाचा चौदा नंबर गायब व्हायला लागला. प्रत्येक नोड ठरावीक वेळाने 'मी आहे' असा निरोप पाठवतो. चौदाचा निरोप थांबला की कंट्रोलर रूळ थांबवतो. दिवसातून चारदा, पाचदा. चूक झालेल्या निरोपांची मोजणी नोड स्वतःच करतो. ती हद्दीबाहेर गेली की तो आपणहून बसवरून उतरतो.

लाइन पुरवणाऱ्या कंपनीचा साहेब आला. पाच मिनिटांत निकाल, "जोड कच्चे आहेत. वायरिंग आमची माणसं नव्याने करतील." म्हणजे मामांचं काम गेलंच, वर तीस वर्षांच्या नावाला काळिमा. मला राग आला. मेंटेनन्स माझ्याकडे आहे, निकाल मी देईन!

आधी चौदाचा ड्राइव्ह बदलला. घाईत मी नंबर लावायला विसरले. नव्याचा नंबर मुळातच एक, आणि एक नंबर तर बसवर आधीच होता. सगळी लाइन बोंबलायला लागली. साहेब गालात हसला. मी ड्राइव्हवरच्या नंबराच्या चक्रीवर चौदा लावला आणि वीज बंद करून पुन्हा दिली. तासाभरात चौदा पुन्हा गायब. म्हणजे ड्राइव्ह निर्दोष. वीज बंद करून बसच्या दोन तारांमध्ये रोध मोजला तर साठ ओहम, म्हणजे दोन्ही टोकांना समांतर जोडलेले एकशेवीसचे रेझिस्टर जागच्या जागी. जोड एकेक ओढून पाहिले. एकही हलेना.

मग सगळ्या नोडचा वेग पाचशेवरून अडीचशे किलोबिट केला. चौदा दिवसभर टिकला! पण आता निरोप रेंगाळायला लागले, पिशव्यांचं वळण चुकायला लागलं. साहेब म्हणाला, "वेग कमी केला की कच्चा जोडही खपतो. माझंच खरं."

"किंवा केबल लांब आहे," मी म्हटलं. "पाचशेला एका बिटाला दोनच मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्यात सिग्नलने टोकाला जाऊन परत यायचं. शंभर मीटरच्या आसपास ती मर्यादा संपते."

"ड्रॉइंगवर शहाऐंशी मीटर आहे."

मी ड्रॉइंग उघडून पाहिलं, खरंच शहाऐंशी. मामा मागे उभे होते. त्यांनी पक्कड एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मॅडम, ड्रॉइंगवर वेटोळी नाहीत," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मामा गप्प बसले असते तर आम्ही बिनदिक्कत आणखी दोन दिवस जोडांशी भांडलो असतो.

"केबलीवर मीटरचे आकडे छापलेत. एकाच ड्रमची आहे, सलग ओढलीय. वाचा."

पहिल्या डब्यात दोनशे अकरा. चौदाव्यात तीनशे त्रेपन्न. एकशेबेचाळीस मीटर! प्रत्येक डब्यामागे चार मीटरचं वेटोळं, नीट बांधून, कोणाला दिसू नये असं.

"जोड माझे पक्के आहेत," मामा साहेबाला म्हणाले. "चूक माझीच आहे, पण जोडांची नाही. लिहायचं तर तसं लिहा."

साहेबाने रिपोर्टातली जोडांची ओळ खोडली.

वेटोळी मामांनी स्वतःच कापली. प्रत्येक तुकडा कापताना तोंड असं, जणू दात उपटतायत. चौदाव्या डब्यापाशी थांबले.

"मॅडम, फूटभर राहू दे?"

मी हिशोब केला. चौदा डब्यांत फूटफूट धरलं तरी नव्वद-एक्क्याण्णव मीटर, शंभराच्या आतच.

"सगळीकडे ठेवलंय ना?"

ते खाली बघून म्हणाले, "हो."

"मग राहू द्या, मामा. कामाला येईल."