दोन जीवांचा खेळ

"मी हरवलं ना प्रणितले?"

"हरवलं. पण एकदाच."

"मंग? फायनल होती ना, सादिकभाऊ?"

दिव्यानीला द्यायला उचललेला कप सादिकभाऊंनी पुन्हा खाली ठेवला. समोर प्रणित शांतपणे स्ट्रायकर पुसत होता. तो एवढंच म्हणाला, "प्रत्येकाले दोन जीव, तुमीच म्हटलं होतं भाऊ. माझा आत्ताच एक गेला."

धानोऱ्यात सादिकभाऊंचं सुतारकामाचं दुकान. धान खरेदी सुरू व्हायच्या आधी सोसायटीचं गोदाम दोन दिवस रिकामं असतं; तेवढ्यात ते स्वतः रंधा मारलेले कॅरमचे दोन बोर्ड मांडून सामने घेत. सोळा खेळाडू, हरला तो बाद, पंधरा सामन्यांत निकाल. गेल्या साली दिव्यानी लांबून एसटीनं आली, पहिल्याच सामन्यात हरली आणि आल्या वाटेनं परत गेली. जाताना म्हणाली होती, "एका सामन्यासाठी येवाचं का आमी?"

भाऊंना ते लागलं होतं. प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळावं, असं कोणी सुचवलं. पण एकशेवीस सामने दोन बोर्डांवर आठवडाभरातही आटपले नसते. म्हणून यंदा प्रत्येकाला दोन जीव, दोनदा हरल्यावरच बाद. तीस सामने, दोन बोर्ड, दोन दिवस. हिशेब बसला होता.

यंदाही दिव्यानी पहिलाच सामना हरली. मग एकदा हरलेल्यांच्या गटात सलग सहा सामने जिंकून फायनलला आली आणि तोवर एकदाही न हरलेल्या प्रणितलाही तिनं हरवलं. आता दोघांची हार एकेक. म्हणजे एकतिसावा सामना. तो भाऊंनी हिशेबात धरलाच नव्हता. शेवटी शेवटी पुढचा गडी ठरेपर्यंत एक बोर्ड रिकामा पडून राहतो, हेही धरलं नव्हतं. दिवस उतरला होता.

दारात ट्रक लागला. सोसायटीचे रामाजी आत आले. "भाऊ, पोती उतरवाची हाये. गोदाम खाली करा."

"नागपूरच्या निवडीसाठी जिंकणाऱ्याचं नाव आजच पाठवाचं हाये," भाऊ कसेबसे म्हणाले. "बोर्ड माझ्या दुकानात नेऊ. तिथी खेळा."

"आनं माझी शेवटची एसटी?" दिव्यानीनं दाराबाहेर पाहिलं. "मी गेली त नाव कोणाचं?"

भाऊंनी प्रणितकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. ती गेली तर नाव प्रणितचंच जाणार होतं. दोन जीवांचा नियम तिच्यासाठीच केला होता आणि तोच तिच्या आडवा आला होता.

"चुकी माझी हाये," भाऊ म्हणाले. "आज आमच्या घरी राह्य. माझी घरवाली शमसुन्निसा तुझ्या मायशी फोनवर बोलंल. थांबतेस का?"

बाहेर एसटीचा भोंगा वाजला. दिव्यानीनं सोंगट्या डब्यात भरल्या, डबा बगलेत मारला आणि भाऊंकडे न पाहता ती त्यांच्या दुकानाच्या वाटेनं चालू लागली.