दाजींची मुलाखत

बायकोचा भाऊ कारखान्यात शेजारच्याच ग्राइंडरवर होता, त्यामुळे सगळी मशीन शॉप त्यांना दाजीच म्हणायची. चौदा वर्षं लेथवर काढल्यावर तीन महिन्यांपूर्वी त्यांना हंगामी सुपरवायझर केलं होतं. आज कायम करण्यासाठी मुलाखत होती.

"कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्लात, त्यांना शिस्त कशी लावणार?" मॅनेजरांनी विचारलं.

"लावली की, साहेब. मेहुणा गॉगल कपाळावर ठेवून काम करत होता. बाजूला घेऊन कारण विचारलं. काच ओरखडलेली, दिसत नव्हतं. स्टोअरमधून नवा दिला. दोन दिवसांनी परत कपाळावर. मग मशीन बंद करून लेखी समज दिली."

"तो काय म्हणाला?"

दाजी अवघडले. "म्हणाला, कपाळावर ठेवायला तुम्हीच शिकवलंत."

कार्मिक अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "खरं होतं?"

"हो बाई. मी म्हटलं, तेव्हा माझं चुकलं, आता दोघंही घालू. त्यानं घातला. बायको मात्र आठ दिवस माझ्याशी फक्त मुलांमार्फत बोलत होती."

मॅनेजरांना हसू आवरेना. संध्याकाळी कायम केल्याचं पत्र दाजींच्या हातात पडलं.

दुसऱ्या दिवशी दाजी डबा घेऊन नेहमीच्या टेबलाशी आले आणि सगळे एकदम गप्प झाले. मेहुणा सरकून म्हणाला, "बसा दाजी. तुम्हालाच शिव्या देत होतो, आता दुसरा विषय शोधावा लागणार."