कोमट पाण्यात कोंबलेला गॅस

सेलूतल्या एका सोड्याच्या कारखान्यात माझी मावशी काचेच्या बाटल्या भरायची. एप्रिलातल्या एका सकाळी मी तिला डबा द्यायला गेले, तेव्हा पाणी गार करणारं मशीन बंद पडलेलं होतं आणि मालक ओरडत होता, "सोड्यात दम न्हाई म्हणून दुकानदार बोंबलायलेत. गॅसचा दाब वाढव!"

"सेठ, पाणी कोमट हाय," मावशी म्हणाली. "गार पाणी गॅस पोटात धरतं, कोमट पाणी धरत न्हाई. दाबून कोंबला तरी झाकण उघडलं की दाब जातो अन् सगळा गॅस फसफसून उडतो. गिऱ्हाइकाला नुसतं पाणीच मिळतं."

"तू मास्तरीण कधीपासून झालीस?"

"बाटल्या फुटायला लागल्यापासून."

बाटल्या भरायच्या मशीनपुढची, फुटलेली काच अडवणारी लोखंडी जाळी मालकानं काम भराभर व्हावं म्हणून काढून टाकली होती. यांच्या घाईपायी डोळे जायचे ते भरणाऱ्या बाईचे! मावशी सरळ उठली. "जाळी लावा, पाणी गार करा, मग भरते."

मग मालकानंच गॅसची चावी फिरवली. दाबाचा काटा लाल खुणेपलीकडं गेला. स्वतःच भरलेले क्रेट त्यानं गाडी येईपर्यंत अंगणात उन्हात मांडले. पाणी तापेल तसा गॅस बाहेर यायला बघणार, वाट न मिळाल्यानं काचेलाच रेटणार. बाटल्या मात्र गप्प उभ्या होत्या.

त्यांतली पहिली फुटली. तिची काच दाराच्या चौकटीत, डोळ्याच्या उंचीवर रुतली.

"आता काय करू?" भिंतीआड दडून मालकानं विचारलं.

"कुणी जवळ जाऊ नका. ऊन उतरू द्या."

तेव्हा जेमतेम सकाळचे अकरा वाजले होते.