शकूच्या नावावरची थाप

आमच्या पोशीरच्या आळीतला सदू ढोलकीवाला म्हणजे मोठा गमतीचा माणूस. भात झोडायला उभा राहिला तरी हात तालात, जेवायला बसला की बोटं ताटाच्या कडेवर. बायको विमल म्हणायची, "आवो, आधी गिळा, मग वाजवा." कुठल्या शब्दात माणसाचा जोर कुठं पडतो, ते त्याच्या कानाला बरोबर कळायचं. "बोलताना जिथं जड, तिथंच थाप," एवढंच त्याचं शास्त्र.

गौरीच्या फेरात सासरी गेलेल्या लेकींना नावानं हाक मारायची आमच्या आळीची रीत. पदं रचायचा येसाजी. पासष्ट सालच्या उन्हाळ्यात त्याची लेक शकू साजगावला, सासरी, बाळंतपणात गेली. तिची आई बायजा तेव्हापासून रडली नव्हती, धड बोललीही नव्हती. पण भादवा आला तसा येसाजी हट्टाला पेटला, यंदाच्या फेरात शकूचं नाव घ्यायचंच, शेवटचं.

त्याच्याच ओटीवर दुपारची तालीम बसली. पालुपद होतं, "शकू ये, घरा ये." फेराची पदं गाणाऱ्या मोरूनं गळा लावला. थाप पडली नेमकी 'श'वर, मग 'घ'वर. नाव झालं 'शऽकू', घर झालं 'घऽरा'. चार वेळा म्हटलं, चारही वेळा तसंच.

सदूनं हात थांबवला. "नाय बसत."

"बसवतो की ओढून," मोरू म्हणाला. "ताल कुठं चुकतोय?"

"ताल नाय चुकत. पन अशी हाक कोन मारतो रं? 'श' तोंडातून निसटून जातो, जोर सगळा 'कू'वर. तू निसटत्या अक्षराला धरून ठेवतोस." मग येसाजीकडं वळून हळूच म्हणाला, "दादा, तुमी कशी बोलवायचा तिला?"

येसाजी अंगणाकडं वळला. मग म्हणाला, "ये शकू, ये घरा."

सदूची बोटं आपसूक पडली. थाप 'ये'वर, 'श' थापेआधी अलगद, पुढची थाप 'कू'वर. मग पुन्हा 'ये'वर थाप, 'घ' अलगद, 'रा'वर थाप. शब्द तेच, नुसत्या जागा बदलल्या. सगळ्यांनी एका दमात उचललं.

तोच बायजा आतून आली. आधी इतका वेळ नाव चाललं होतं तेव्हा ती हलली नव्हती. आता हातात पाण्याचा तांब्या, माहेरी आलेल्या लेकीच्या पायांवर घालायला. अंगणात बघून म्हणाली, "कुठं हाय?"

येसाजीनं तांब्या काढून घेतला. "नाय गं. पद हाय ते."

बायजा उंबऱ्यावर बसली आणि तेव्हा रडली. येसाजी म्हणाला, "सदू, हे पद नको रं."

"असू द्या," बायजा म्हणाली. "अशीच बोलवा तिला."

गौरीच्या दिवशी फेरात शकूच्या नावाची पाळी आली. मोरू येसाजीकडं बघू लागला, येसाजीनं तोंड फिरवलं. शेवटी बायांतून बायजानंच हाक उचलली, आणि सदू मान खाली घालून तिच्या मागं वाजवत राहिला.