परसराम सरांनी मांडलेली फायद्याची बाजू

शहापूरच्या परसराम सरांना वर्गातल्या मुलांची भीती कधी वाटली नाही. पण १९८३ सालच्या एका परिसंवादाची वाटली. भंडाऱ्याच्या कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवत. विषय होता, शिकलेली माणसं परदेशी जातात त्याचा देशाला उलट फायदा होतो काय. प्राचार्य लक्ष्मणरावांनी फायद्याची बाजू बिनदिक्कत सरांच्या गळ्यात मारली होती.

ती मांडणं अवघड नव्हतं. अवघड होती त्यांची एकुलती लेक विशाखा. धानावरच्या रोग-किडींवर तिने एम.एस्सी. केलं होतं आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने पुढच्या शिक्षणाला शिष्यवृत्ती देऊ केली होती. "बाबा, तुमी भाषणात सांगाल तेच मी करीन," ती म्हणाली होती, "पण मनातलं सांगजा."

म्हणजे भाषण रंगलं तर पोरगी जाणार. मुद्दाम वाईट भाषण करायचं सरांच्या मनात आलं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. बापच तो.

सभागृहात पहिल्या रांगेत विशाखा आणि तिची आई तुळसा बसल्या होत्या. सरांनी कोरडेपणाने सुरुवात केली. बाहेरून पैसा येतो, त्यातून घरं चालतात, देशाला परकीय चलन मिळतं. तिकडे शिकलेलं कसब परतणाऱ्याबरोबर येतं. मात्र हे आपोआप होत नाही. परत आलेल्याला इथे काम नसेल तर ते कसब वाया जातं, आणि शिकवण्याचा खर्च देशाच्या माथी बसतो. एवढ्यावर थांबायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

तेवढ्यात सेवकराम नावाचा विद्यार्थी उठला. "सर, गेलेला परत आलाच नाही तं?"

सरांना खोटं बोलता आलं असतं. पण शिकवायची सवय वाईट, ती आडवी आली.

"तरी फायदा होऊ शकतो," ते म्हणाले. "संबंध राखला तर. समजा, आपल्या धानावर गादमाशीची कीड पडली. तिकडच्या प्रयोगशाळेत आपलं माणूस असलं, तर उपाय एका पत्रात विचारता येतो. नवं वाण मागवता येतं. त्याच्या ओळखीनं मागून जाणाऱ्या पोरांले वाट सापडते."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी विशाखाकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला होता. टाळ्या वाजल्या. तुळसाचे हात मांडीवरच राहिले.

बाहेर आल्यावर विशाखा म्हणाली, "बाबा, मी जातो." सर "जाय" म्हणाले. मग ती मैत्रिणींकडे धावली.

तुळसा जवळ आली. "पैसा येते, कसब येते, वाण येते. सारं सांगतलं तुमी," ती म्हणाली. "पोरगी येते का नाही, तेवढं सांगा."

"ते अर्थशास्त्रात नाही," सर म्हणाले, आणि भर दुपारी, विद्यार्थ्यांच्या देखत, त्यांना रडू फुटलं.