आभाळाला बोट

आमच्या कारखान्यातल्या क्वार्टर्समध्ये, यशवंतपूरच्या बाजूला, नवरा सकाळी सातच्या भोंग्याला गेला की मी आणि भिंती एवढेच उरायचो. पुण्याहून आले तेव्हा मला कानडी येत नव्हतं, आणि शेजारणींना मराठी. म्हणून मल्लेश्वरमात एक म्हातारे ड्रॉइंग मास्तर आहेत आणि ते चक्क मराठी बोलतात असं कळल्यावर मी रंगापेक्षा बोलण्याच्या ओढीनेच त्यांच्याकडे गेले. त्यांचं घराणं इथे तीनशे वर्षांचं. त्यांची मराठी ऐकून माझ्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला असता.

"स्वल्प थांब, अक्का," हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि शेवटपर्यंत तेच.

थांबणं मला जमत नाही. मी दूध उतू जाईपर्यंतही ओट्याशी उभी राहत नाही, म्हणून ते रोज उतू जातं. आणि मास्तरांनी शिकवायला काय घ्यावं, तर मावळतीचं आभाळ. कागद पाटावर चिकटपट्टीने ताणून बसवायचा. स्वच्छ पाण्याने ओला करायचा, पाण्याची चकाकी जरा ओसरू द्यायची. मग खाली क्षितिजाशी पातळ पिवळा, त्यात वरून उतरता गुलाबी, पाट तिरका धरायचा आणि रंगाला आपोआप वाहू द्यायचं. आणि मग हात मागे. पूर्ण वाळेपर्यंत कागदाकडे बघायचंसुद्धा नाही. वाळल्यावर पुन्हा हलकं पाणी फिरवून वरून निळा आणायचा, तो गुलाबीपर्यंत आला की विरळ करत सोडून द्यायचा. निळा पिवळ्याला भेटला की हिरवं, आणि नारिंगीला भेटला की चिखल. मध्ये गुलाबी उभा हवा.

ऐकायला किती सोपं. मी काय करायची? पिवळा टाकला की मला तिथे एक रेघ दिसायची. ती मिटवायला ब्रश. ब्रशच्या पाण्याने डाग पडायचा, डागाच्या कडा फुगायच्या. त्या सारख्या करायला पुन्हा ब्रश, आणि एवढ्यात निळ्याची घाई. एकाच भांड्यात ब्रश धुतलेला, त्यामुळे पाणीही गढूळ. पाच मिनिटांत आभाळाचा शेणकाला. मास्तर चष्मा वर करून म्हणायचे, "ह्यात नाचणी पेर, अक्का. चांगली उगवेल."

मला भयंकर राग यायचा. एकदा मी चिडून कागद कोळशाच्या शेगडीवर धरला, लवकर वाळावा म्हणून. कागद पापडासारखा वळला, वर राख बसली. मास्तरांनी तो कागद बायकोला हाक मारून दाखवला. त्या दोघांना हसताना बघून मी पंधरा दिवस तिथे फिरकले नाही, मग बोलायला कोणी नाही म्हणून परत गेले.

पुढल्या वर्षी मास्तर निवृत्त झाले. ते शिकवायचे त्या मुलींच्या शाळेत ड्रॉइंगची जागा रिकामी झाली आणि त्यांनी माझं नाव सुचवलं. मला ती नोकरी हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती. नाहीतर आयुष्यभर भोंगा आणि भिंती. मुख्याध्यापिकाबाईंनी कळवलं, वर्गासमोर एका तासात मावळतीचं आभाळ काढून दाखवा. मास्तर तीस वर्षं तेच शिकवत आले होते ना.

त्या दिवशी सकाळपासून बारीक पाऊस. हवा इतकी दमट की वाळत घातलेलं धुणं दोन दिवस तसंच. माझ्या आधी एक गृहस्थ होते, टाय लावलेले. त्यांनी ओल्या पिवळ्यात झपाझप निळा ओढला, तो हिरवा पडला, मग झाकायला पांढरा घातला. आभाळ चुना लावल्यासारखं झालं. मला मनातून फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

माझी पाळी आली. पाण्याची दोन भांडी मांडली, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. पिवळा उतरला, गुलाबी उतरला, दोघं एकमेकांत छान मिसळले. आणि मी ब्रश ठेवून खुर्चीवर बसले. दहा मिनिटं गेली. कागदाला हाताची मागची बाजू जवळ नेली, तर अजून गारवा. मुली चुळबुळायला लागल्या, म्हणून त्यांना वह्यांनी लांबून वारा घालायला लावला. चाळीस मुली वह्या हलवताहेत आणि मी राणीसारखी बसलेय. बाई घड्याळ बघत होत्या. शेवटी उठल्या, तरातरा आल्या, "वाळलंय की," म्हणाल्या आणि बरोबर गुलाबीच्या मधोमध बोट टेकवलं.

बोट उचललं तर तिथला रंग बोटाला. कागदावर फिकट, गोल ठिपका.

माझा हात आपसूक ब्रशकडे गेला. एवढासा तर ठिपका, जरा पाणी लावून सारखा केला की झालं. पण अर्धवट ओल्या रंगात पाणी घातलं की काय होतं ते मी शंभर वेळा करून पाहिलेलं होतं. मी ब्रश पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात दिला आणि तिला सांगितलं, मी मागितला तरी द्यायचा नाही. पोरगी इतकी प्रामाणिक की पुढे खरंच देईना, ओढून घ्यावा लागला.

तोवर कागद वाळला होता. स्वच्छ पाणी, वरून निळा, गुलाबीवर येताना विरळ, जिथे दोघं भेटले तिथे जांभळट. खाली पिवळा जसाच्या तसा उजळ. तास संपायला दोन मिनिटं होती. आभाळ स्वच्छ, मध्ये ठिपका.

"हा डाग कसला?" बाईंनी विचारलं. साऱ्या वर्गासमोर.

माझं कानडी तेव्हा भाजी घेण्यापुरतं होतं. त्यात आडवळणाने काही सांगायची सोयच नव्हती. म्हणाले, "बाई, बोट तुमचं आहे. मी पुसायला गेले असते तर चिखल माझा झाला असता."

बाईंनी आपल्या बोटाकडे पाहिलं. अजून गुलाबी होतं. त्यांनी ते पदराला पुसलं आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या." मी पाट मेणकापडात गुंडाळून काखेत घेतला आणि पावसातून मास्तरांकडे धावले.

मास्तरांनी चित्र खिडकीशी नेलं. आभाळ बघून मान हलवली, "सरी," म्हणजे ठीक. मग ठिपका दिसला. मी सगळं सांगितलं, बोट कोणाचं तेही. मला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत.

आतून त्यांनी एक पत्र्याची ट्रंक ओढत आणली. उघडली तर आत आभाळंच आभाळं, गठ्ठेच्या गठ्ठे, आणि सगळी चिखलाची. माझ्यापेक्षा वाईट.

"ती बाई अठरा वर्षं माझ्या कागदांना बोट लावतेय," मास्तर म्हणाले. "दरवेळी मी काही न बोलता पुसत बसलो." मग चष्मा काढून त्यांनी मला विचारलं, "तू खरंच तोंडावर सांगितलंस, अक्का? कसं सांगितलंस, पुन्हा एकदा सांग."